तांबडीचे नियम

"सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला "बायबल लिहितेय" असं उत्तर दिलं की नातेवाईकांत फोनवर दोन सेकंद शांतता पसरते. मग मला घाईघाईने खुलासा करावा लागतो. म्हटलं, एकदा इथेच सविस्तर लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या लग्नकार्यात विचारणाऱ्यांना थेट हे वाचायला सांगता येईल.

तर मंडळी, कार्टून मालिकेच्या धंद्यात बायबल म्हणजे दहा-बारा पानांचं एक टिपण. मालिका कशाबद्दल आहे, त्यात कोण कोण आहे, ते कुठे राहतात, दोन-चार भागांच्या गोष्टी, असं सगळं त्यात असतं. आमची मालिका अकरा मिनिटांच्या सव्वीस भागांची आहे. गोष्टी लिहिणारे पाच-सहा जण, चित्रं हलवणारे दुसऱ्या शहरात, आवाज देणारे तिसरीकडे. या सगळ्यांनी एकच गाडी बनवावी, सव्वीस वेगवेगळ्या गाड्या बनवू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि त्यातलं सगळ्यात लहान पण सगळ्यात जास्त भांडणं लावणारं पान म्हणजे 'जगाचे नियम'. मी गेला महिनाभर त्या एका पानावर बसलेय.

मालिका आहे एका मुक्कामी एसटीची. ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी सांगते. शेवटच्या फेरीची गाडी संध्याकाळी आडगावात येते, रात्री तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून तालुक्याला परत निघते. ती मुक्कामी गाडी. आमच्या काल्पनिक गावाचं नाव उंबरदरी. गाडी लाल, म्हणून गाव तिला 'तांबडी' म्हणतं. एखाद्या गाईला म्हणावं तसं. आणि तशीच ती असते की! सांजेला घरी येते, पारापाशी बांधल्यासारखी उभी राहते आणि सकाळी बाहेर पडते.

आता पहिला घोळ. तांबडी दिसते कशी? म्हणजे तिचा चेहरा कुठे?

तुम्ही म्हणाल, समोरच्या काचेवर दोन डोळे काढा, झालं. डिस्नेच्या १९५२ सालच्या सूझी नावाच्या छोट्या निळ्या गाडीच्या फिल्ममध्ये तसंच केलं होतं आणि २००६ च्या 'कार्स'मध्येही डोळे काचेवरच आहेत. पण 'कार्स'च्या जगात माणसंच नाहीत. तिथे काचेमागे कोणी बसायचं नाहीये. आमच्या गाडीत काचेमागे ड्रायव्हर आहे, त्याच्या शेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर बसलेलं पोरगं आहे. डोळे काचेवर काढले तर ही दोघं तांबडीच्या बुबुळांतून डोकावणार. भयपटच तो! थॉमस इंजिनाचं बरं आहे, त्याचा चेहरा पुढे आणि ड्रायव्हर मागे, दोघांची गाठच पडत नाही. एसटीचं नाक चपटं. म्हणून आमचे डोळे खाली आले, हेडलाइटमध्ये. नियम पहिला: तांबडीचे डोळे म्हणजे तिचे दिवे. तोंड नाही. बंपर हलत नाही.

तोंड नसल्याचा एक व्यवहारी फायदाही आहे. मालिका चार-पाच भाषांत जाणार. ओठच नाहीत, तर ओठांशी शब्द जुळवायचा प्रश्नच नाही. तोटाही आहे. गाडी धावताना कार्टूनमध्ये बहुतेक वेळा बाजूने दाखवतात आणि बाजूने हेडलाइट दिसतच नाही. मग धावत्या गाडीत तांबडी बिनचेहऱ्याची होते. यावर उपाय म्हणून मी लिहिलं की धावतानाचे प्रसंग प्रवाशांचे, थांबलेले प्रसंग तांबडीचे. आणि त्यातूनच दुसरा नियम आपोआप निघाला: इंजिन चालू असताना तांबडी बोलत नाही. ती बोलते फक्त रात्री, इंजिन बंद झाल्यावर, आणि तेही पाराखालच्या चंपी कुत्रीशी नाहीतर आक्काच्या कोंबडीशी. माणसांशी कधीच नाही.

या 'कधीच नाही'वर पहिलं मोठं भांडण झालं. पैसे देणाऱ्यांकडच्या एका गृहस्थांचं म्हणणं, "मुलांशी तरी बोलू दे हो, गोड वाटेल." गोड वाटेल हे खरंच. पण गाडी माणसांशी बोलायला लागली की बापूकाका ड्रायव्हरला काम काय उरलं? गाडी घाटात बंद पडली तर तो बॉनेट कशाला उघडेल? सरळ विचारेल, "काय होतंय गं?" ती सांगेल, "डिझेलच्या नळीत हवा शिरलीय." गोष्ट संपली, साडेनऊ मिनिटं शिल्लक! मुक्या जनावरासारखी ती सांगू शकत नाही, म्हणूनच माणसांना तिच्याकडे बघावं लागतं, कान लावावा लागतो. गोष्ट तिथे आहे.

थॉमसच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री यांचं पहिलं पुस्तक १९४५ सालचं. त्यांचा हट्ट असा की इंजिनं बोलतील खुशाल, पण त्यांच्यावर जे जे गुदरेल ते खऱ्या रेल्वेत कुठेतरी घडलेलं किंवा घडू शकणारं असलं पाहिजे. मला हा हट्ट फार पटतो. खोटं एकच, बाकी सगळं खरं. आमचं एक खोटं म्हणजे तांबडीला जीव आहे आणि ती डोळे उघडू शकते. ते मान्य केलं की पुढे एसटीचे कायदे लागू.

म्हणून तिसरा नियम: डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घंटा देणार कंडक्टर सुमनताई, चालवणार बापूकाका. तांबडी स्वतःहून एक इंचही सरकत नाही, ना चोर पकडायला, ना कुणाचा जीव वाचवायला.

इथे आमच्यातल्या एका नव्या लेखकाने रास्त शंका काढली. "मग ताई, ही नायिका करते काय? नुसतीच उभी?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. हलता न येणारी नायिका म्हणजे देवळातली मूर्ती. सगळे येऊन नमस्कार करून जातात, तिला काही करता येत नाही. तिला काहीतरी तिचं असं द्यायला हवं होतं, पण इतकंही नाही की बापूकाका बेकार व्हावेत. दोन दिवस मी एसटीत काय काय असतं त्याची यादीच करत बसले. शेवटी तीन गोष्टी तिला दिल्या: दिवे, वायपर आणि हॉर्न. आणि यादी करतानाच लक्षात आलं की या तिन्ही गोष्टी चालतात बॅटरीवर!

बॅटरीचं गणित सोपं आहे. इंजिन बंद असताना दिवे लावले की बॅटरी उतरत जाते. इंजिन धावायला लागलं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर ती पुन्हा भरतो. मोठ्या गाडीला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तरी त्या जुन्या झाल्या असतील तर रात्रभर दिवे पेलत नाहीत. आणि सकाळी स्टार्टर फिरवायला तर सगळ्यात जास्त जोर लागतो. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं, पुढे काही नाही.

हा झाला चौथा नियम, आणि माझ्या मते मालिका खरी इथे उभी राहिली: तांबडी स्वतःच्या मर्जीने जे काही करेल ते बॅटरीतून जाईल, आणि बॅटरी भरेल ती फक्त लोकांना घेऊन धावल्यावर. आता तिच्या प्रत्येक कृतीला किंमत आली. एखाद्या रात्री कुणाला मदत करायची तर सकाळच्या फेरीतून उसने घ्यायचे. मला हे कुठून शोधून आणावं लागलं नाही. बॉनेटखालीच होतं.

पाचवा नियम त्याला लागूनच: गाडी सकाळी सहाला सुटते. का सुटलीच पाहिजे, तर डब्यांसाठी. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे एसटीने जातात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, काहींनी खाल्लेही असतील. आया पहाटे उठून भाकऱ्या थापतात, डबा फडक्यात बांधतात, नाव घालतात आणि कंडक्टरच्या हवाली करतात. संध्याकाळी रिकामा डबा परत. उंबरदरीचे सहा डबे आहेत. बायबलमध्ये मी त्यांना पात्रांच्या यादीतच टाकलंय. ती सहा पोरं मालिकेत कधी दिसणार नाहीत, फक्त त्यांचे डबे दिसतील: एक पितळी, एकाचं झाकण चेपलेलं, एक नेहमी न संपता परत येणारा.

बाकीची पात्रंही जेमतेम आठच. याला कारण खर्च. प्रत्येक पात्राची हलवता येईल अशी एक बाहुली संगणकात बांधावी लागते, हात-पाय-मान वेगवेगळे, चेहऱ्याचे हावभाव वेगळे. त्यात बराच वेळ जातो. म्हणून नाव असलेले प्रवासी मोजके, आणि उरलेली गाडी सहा प्रकारच्या धडांवर पागोटी, पदर, टोप्या बदलून भरायची. प्रत्येक पात्रापुढे मी 'प्रेमळ', 'खोडकर' असली विशेषणं लिहिली नाहीत, त्यांचा लिहिणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. दोनच गोष्टी लिहिल्या: त्याची गाडीतली ठरलेली जागा, आणि तो काय सोडायला तयार नसतो. आक्का दारामागच्या सीटवर, आणि बाजाराच्या दिवशी नेलेली कोंबडी कधीच न विकता परत आणते. आठ वर्षांची चिंगी इंजिनाच्या झाकणावर, आणि खिडकी सोडत नाही. बापूकाका गाडी नेहमी पाराशेजारच्या उतारावर, तोंड खाली करून लावतात आणि चाकाला दगड देतात. बॅटरीवर त्यांचा विश्वास नाही, उतारावर आहे.

नियम चालतात की नाही हे कळायला त्यांतून एक अख्खी गोष्ट काढून बघावी लागते. नमुन्याचा भाग मी लिहिला तो असा.

पावसाची रात्र. चंपीचं एक पिल्लू ओढ्यापलीकडे राहिलंय, अंधारात त्याला वाट सापडत नाही, नुसता कुईकुई आवाज येतोय. (दोन मिनिटं.) चंपी तांबडीला म्हणते, जरा डोळे उघड. तांबडीला सकाळ माहीत आहे, सहा डबे माहीत आहेत. ती आधी एकच डोळा उघडते. पिल्लू उजेडाकडे चालतं, थांबतं, घाबरतं, पुन्हा चालतं. पाऊस वाढतो, वायपरही लागतो. एकाचे दोन डोळे होतात. पहाटे कधीतरी पिल्लू येऊन पुढच्या चाकाशी झोपतं आणि दिवे पिवळे होत होत विझतात. (सहा मिनिटं.) पावणेसहाला सुमनताई डबे मोजून घेतात. बापूकाका किल्ली फिरवतात. टक्. पुन्हा, टक्. मग गाव गोळा होतं. चिंगी पिल्लाला उचलून बाजूला होते, मोठी माणसं मागे लागतात, एक जण दगड काढतो. बापूकाका किल्ली चालू ठेवून, क्लच दाबून, दुसरा गिअर टाकून बसलेत. गाडी उतारावर घरंगळून वेग घेते, ते क्लच सोडतात, एक हिसका, काळा धूर, आणि इंजिन लागतं. (नऊ मिनिटं.)

आणि आता शेवट. बापूकाका स्वतःलाच बोल लावतात, "म्हातारा झालो. काल दिवे घालवायचे राहिले वाटतं." तांबडीला सगळं माहीत आहे, पण इंजिन चालू आहे, नियम दुसरा! तिला संध्याकाळपर्यंत गप्प बसायचंय, आणि संध्याकाळीही माणसाला सांगता येणारच नाही. चिंगी मांडीतल्या ओल्या पिल्लाकडे बघते, मग समोरच्या काचेतून खाली, जिथे दिवे आहेत तिकडे बघते, आणि काही बोलत नाही. खिडकीची जागा मात्र त्या दिवशी पिल्लाला देते.

हा शेवट मी ठरवून काढला नाही, दुसऱ्या आणि चौथ्या नियमाची टक्कर झाली आणि तो निघाला. पानावरचा नियम कामाचा आहे की शोभेचा, हे मी यावरून ओळखते. दोन नियम एकमेकांच्या आड आले पाहिजेत. आड येतच नसतील तर ती नुसती माहिती आहे. दुसरी परीक्षा म्हणजे नव्या माणसाला पान देऊन एकेका ओळीच्या पाच गोष्टी मागायच्या. त्या शंकेखोर लेखकाने पहिली गोष्ट दिली, "तांबडी चोरांचा पाठलाग करते." तिसऱ्या नियमाने ती कापली. दुसऱ्या दिवशी तो हसतच आला, "चोर पाठलागाला कशाला हवेत, ते तिकीट काढून गाडीतच बसलेत. तांबडीला ठाऊक आहे, सांगता येत नाही, आणि बाहेर ऊन असून वायपर चालू आहे." मी म्हटलं, हे लिही!

धक्क्याच्या भागाला दोन अटी जोडाव्या लागल्या, त्याही पानावर आहेत. एक, मुलं गाडीला धक्का देत नाहीत, दगड काढत नाहीत, चालत्या गाडीत चढत नाहीत. घरी बघणारी पोरं करून बघतात, त्याला इलाज नाही. (खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडायला मात्र परवानगी मिळवलीय, गाडी उभी असेल तर.) दोन, तांबडी जुन्या पद्धतीच्या इंजिनाची आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. या नव्या गाड्यांचं इंजिन इलेक्ट्रॉनिक, बॅटरी पार मेली की तिथे धक्का मारूनही काही होत नाही, कारण इंधन सोडणारा मेंदूच झोपलेला असतो. विजेवरच्या गाडीचा तर विषयच वेगळा. तेव्हा कुणी उत्साहाने तांबडीला नवी कोरी करायला निघालं, तर चौथा नियम आणि त्याबरोबर निम्म्या गोष्टी जातील, हे मी तिथे ठळक लिहून ठेवलंय.

राहिला सहावा नियम. त्यावर अजून चर्चा चालू आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो तीन शब्दांचा होता: गाडी रोज येते. सगळ्यांना आवडला. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना असा भरवसा लागतोच, संध्याकाळ झाली की आई घरी येते तसा. पण २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप होता आणि कितीतरी गावांत गाडी आलीच नाही. भारमान कमी म्हणून मुक्कामी फेरी बंद झाल्याची बातमी तर एसटीच्या गावांना नवी नाही. आमची मालिका बघणाऱ्यांत त्या गावांतली पोरंही असणार. त्यांना 'रोज येते' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मग एका भागात गाडी येत नाही असं दाखवू," मी म्हटलं. समोरून उत्तर आलं, "मुलं घाबरतील." तेही खोटं नाही.

दोन आठवड्यांनी जी वाट सापडली ती ही. लहान मुलाला घाबरवतं ते 'आली नाही' हे नाही, 'कुठे आहे कळत नाही' हे. म्हणून त्या भागात बघणाऱ्या मुलाला सुरुवातीपासून माहीत असेल की तांबडी कुठे आहे. पूल पाण्याखाली गेलाय, ती अलीकडच्या फाट्यावर सुखरूप उभी आहे, आत आक्काची कोंबडी आहे, बापूकाकांनी स्टोव्ह पेटवलाय. माहीत नाही ते गावाला. काळजी उंबरदरीने करायची, पोराने नाही. उलट पोरगं ओरडून सांगणार, "अगं फाट्यावर आहे ती!" आणि सकाळी, पाणी उतरल्यावर, सहा डबे डोक्यावर घेऊन गावच फाट्यापर्यंत चालत जातं.

म्हणून आता पानावर सहावा नियम असा आहे: गाडी रोज येते. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी गाव तिच्याकडे जातं.

पान सोमवारी पाठवलंय. सहाव्या नियमापुढे कुणीतरी प्रश्नचिन्ह काढून परत पाठवतील असा माझा अंदाज आहे. बाकी पाचांवर मी तडजोड करेन, वायपर काढा म्हणाले तर वायपरही देईन. यावर नाही. असो. डबे खरंच एसटीने येत असतील तुमच्यापैकी कुणाचे, तर त्यांवर नाव कसं घातलेलं असायचं ते जरूर कळवा. रंगाने, की खिळ्याने कोरून? चित्रकार विचारतोय.